बारा मिनिटांचा निबंध: मेळघाटातल्या पहिलीच्या वर्गाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका शिक्षिकेच्या शोधनिबंधाचं आहे. गावाचं नाव, साल आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. शिक्षिकेला मी इथे ‘बाई’च म्हणतो, वर्गातली मुलंही तेच म्हणतात. मी त्या वेळी शिक्षक प्रशिक्षणाच्या कामात होतो. निबंधाचा पहिला खर्डा त्यांनी मला वाचायला दिला आणि पुढचे तीन आठवडे आम्ही त्याच्यावर डोकेफोड केली. त्यात माझ्याही चुका आहेत, त्या पुढे येतीलच.

पार्श्वभूमी

धारणीच्या बाजूची दोन-शिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात. त्या वर्षी पहिलीत १३ मुलं होती, त्यातली ११ कोरकू घरांतली आणि २ गवळी घरांतली. बाई वऱ्हाडी बोलणाऱ्या. कोरकू त्यांना येत नव्हती. ‘चला’, ‘बसा’, ‘पाणी’ एवढं कानावर पडून कळायचं, त्यापुढे नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला. कोरकू ही मराठीची बोली नाही. वऱ्हाडी किंवा अहिराणी मराठीच्या जवळच्या आहेत, कोरकूचं तसं नाही. ती मुंडा कुळातली भाषा, संताळी आणि मुंडारी या तिच्या नात्यातल्या. पहिलीत आलेल्या कोरकू मुलाला मराठी ‘अशुद्ध येते’ असं म्हणणं चुकीचं आहे. त्याला मराठी येतच नसते, आणि तो थेट मराठी माध्यमाच्या वर्गात येऊन बसतो.

बाईंना हे कळलं ते एका हशामुळे. फळ्यावर त्यांनी साधं वाक्य लिहिलं होतं: ‘काकू घरी आली.’ एका मुलीने बोट ठेवून ते बिनचूक वाचलं आणि अख्खा वर्ग हसायला लागला. बाईंना वाटलं, मुलं तिची टिंगल करताहेत, म्हणून त्या रागावल्या. खिचडी शिजवणाऱ्या ताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, त्यायले हसू येनारच. आमच्यात काकु म्हन्जे मासा.”

मुलीचं वाचन बरोबर होतं. तिने अक्षरं जुळवली आणि घरच्या भाषेत अर्थही लावला. मासा चालत घरी आला तर कुणीही हसेल. बाईंच्या वहीत मात्र त्या दिवशी ‘वर्गात गोंधळ, वाचनाकडे लक्ष नाही’ अशी नोंद आहे. ती वही त्यांनी जपून ठेवली आणि पुढे तीच निबंधाच्या कामी आली.

त्यानंतरच्या जूनपासून त्यांनी पहिलीचा क्रम बदलला. ताईंची बारावी झालेली मुलगी रोज सकाळी ४० मिनिटं वर्गात येऊ लागली. एक मोठं चित्र लावायचं, उदाहरणार्थ ओढ्यावर मासे धरणारी मुलं, आणि मुलांनी त्यावर कोरकूत बोलायचं. बोललेल्यातलं एखादं वाक्य ती मुलगी देवनागरीत मोठ्या कागदावर लिहायची, मग सगळ्यांनी ते बोट फिरवत वाचायचं. मराठी पहिल्या दिवसापासून होती, पण फक्त कानाने आणि हातापायांनी: ऊठ, बस, दार लाव, दोन दगड आण. अक्षरओळख झाली ती कोरकू शब्दांवरून. ‘काकु’मधून क, काना आणि उकार. ‘कोन’ म्हणजे मुलगा, त्यातून ओकार आणि न. ‘अ अननसाचा’ पूर्ण बाजूला ठेवला, कारण वर्गात अननस कुणी पाहिलेलाच नव्हता. मराठी वाचन सुरू झालं दिवाळीनंतर. तोवर अक्षरं ओळखीची झाली होती, नवी होती ती फक्त भाषा.

अडचण

फेब्रुवारीत मातृभाषा दिनाच्या सुमारास एका शिक्षण परिषदेने निबंध मागवले. बाईंनी गोषवारा पाठवला, तो स्वीकारला गेला. निबंध झाला १८ पानांचा, साधारण ५,४०० शब्दांचा. सादरीकरणाला १२ मिनिटं आणि प्रश्नांना ३.

बाईंनी घरी एक पान मोठ्याने वाचून घड्याळ लावलं. सुमारे ३०० शब्दांच्या पानाला तीन मिनिटं लागली, म्हणजे सगळा निबंध ५४ मिनिटांचा. वेळेची अडचण ही अशी सरळ होती.

दुसरी अडचण आम्हाला उशिरा दिसली. निबंधाचं शीर्षक होतं ‘मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण: एक अभ्यास’. कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा पाहिलं, तर त्यांचा निबंध ‘मराठी शाळांपुढील आव्हाने’ या सत्रात टाकलेला. आधीचे आणि नंतरचे निबंध इंग्रजी माध्यमाच्या ओढ्याबद्दलचे. संयोजकांची यात चूक नव्हती. महाराष्ट्रातल्या सभागृहात ‘मातृभाषा’ म्हटलं की ऐकणारा ‘मराठी’ असंच ऐकतो आणि समोर इंग्रजी उभी करतो. बाईंच्या वर्गात मराठी त्या खुर्चीवर बसली होती, जिथे बाकी निबंधांत इंग्रजी बसली होती. हे पहिल्याच मिनिटात सांगितलं नाही तर पुढची अकरा मिनिटं श्रोते भलताच निबंध ऐकणार होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळे निवडतात तोच: प्रत्येक भागातलं थोडं थोडं कापायचं. प्रस्तावना एक मिनिट, उद्दिष्टं अर्धं मिनिट, गृहीतकं अर्धं मिनिट, संबंधित साहित्याचा आढावा दोन मिनिटं. बाईंनी तसं करून पाहिलं. १८ पानांचा सांगाडा उरला, त्यात मुलं कुठेच नव्हती. ‘काकु’ची गोष्ट ११व्या पानावर होती, ती पहिल्याच फेरीत गळली.

दुसरा पर्याय स्लाइडचा. एका सहकाऱ्याने २२ स्लाइड करून दिल्या. बघायला छान, पण प्रत्येक स्लाइडवर निबंधातला उतारा जसाच्या तसा. बाई तो वाचणार आणि श्रोतेही तोच वाचणार, तोही बाईंच्या आधी. शिवाय कोरकू मजकूर एका संगणकावर नीट दिसला, दुसऱ्यावर काना-मात्रा विस्कटल्या.

तिसरा पर्याय माझा होता आणि तो चुकीचा निघाला. मी म्हणालो, धोरणाचा भाग ठेवा, त्याने वजन येतं. निबंधात त्यासाठी चार पानं होती: संविधानातलं ३५०क कलम, युनेस्कोचा १९५३चा अहवाल, शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम २९ आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. बाईंनी शांतपणे विचारलं, “सर, तिथे बसलेल्यांपैकी मातृभाषेच्या विरोधात कोण असणार आहे?” कुणीच नाही. ज्याला सगळे आधीच माना डोलावणार ते सिद्ध करायला पाच मिनिटं घालवायची, आणि मग मराठी कधी सुरू करायची, कशी करायची, कोण शिकवणार, याला वेळच नाही.

त्या चार पानांतून एकच वाक्य उरलं. कायदा मातृभाषेबद्दल ‘व्यवहार्य असेल तितपत’ म्हणतो, धोरण ‘शक्य असेल तेथे’ म्हणतं, आणि आमच्या शाळेत ते शक्य करणारी व्यक्ती खिचडी शिजवणाऱ्या ताईंची मुलगी होती. हे वाक्य बाईंचं. माझ्या चार पानांपेक्षा त्याला जास्त वजन होतं.

चौथा पर्याय आम्ही निवडला: छापील निबंध आणि सादरीकरण या दोन वेगळ्या गोष्टी मानायच्या. १८ पानं संग्रहात छापली जातीलच. १२ मिनिटांत निबंधाचा सारांश द्यायचा नाही. त्यातली एकच गोष्ट पूर्ण सांगायची: कोरकू मूल मराठी वाचतं तेव्हा नेमकं काय होतं.

४६ टक्क्यांचं काय करायचं

सगळ्यात जास्त वाद एका आकड्यावर झाला. निबंधाच्या निष्कर्षात लिहिलं होतं: ‘वाचनक्षमतेत ४६ टक्के वाढ’. मी विचारलं, किती मुलं? १३ पैकी ६. मग सहाच म्हणा ना. बाई म्हणाल्या, टक्के नसतील तर संशोधन वाटत नाही. प्रशिक्षणांत आम्हीच त्यांना तशी सवय लावली आहे.

मग वहीत खोल गेलो. पहिली गोष्ट, ‘वाढ’ कशाच्या तुलनेत? जूनमध्ये कुणालाच वाचता येत नव्हतं. पहिलीतलं मूल वर्षभरात काहीतरी शिकतंच, जुन्या पद्धतीनेही शिकलं असतं. आधीच्या वर्षीच्या मुलांची अशी चाचणी घेतलेलीच नव्हती, त्यामुळे तुलनेला दुसरी बाजूच नव्हती. दुसरी गोष्ट, त्या सहांत एक मूल गवळी घरातलं होतं, ज्याच्या घरी कोरकू नव्हतीच. म्हणजे कोरकू मुलं ११ पैकी ५. तिसरी गोष्ट, चाचणी बाईंनीच घेतली होती, आणि आपल्या मुलांकडून उत्तर येईपर्यंत आपण सगळेच जरा जास्त थांबतो.

चौथी गोष्ट मात्र वेगळी निघाली, आणि सादरीकरणाचा गाभा तीच झाली. फेब्रुवारीच्या चाचणीत चार सोप्या वाक्यांचा न पाहिलेला मराठी उतारा होता. तो अक्षरं जुळवून मोठ्याने वाचणारी मुलं ९ होती. वाचून समजलं, असं दिसलेली ६. मधली तीन मुलं खडखडीत वाचत होती आणि त्यांना काहीही कळत नव्हतं.

हे बाईंनी कसं ओळखलं? त्यांनी ‘समजलं का?’ असं विचारलंच नाही. त्या प्रश्नाला मेळघाटातली काय आणि पुण्यातली काय, सगळी मुलं ‘हो’च म्हणतात. प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातून उचलून देण्याची युक्तीही मुलांना लवकर साधते. ‘राजू कुठे गेला?’ म्हटलं की मूल ‘गेला’ असलेलं वाक्य शोधून वाचून दाखवतं. बाईंनी चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर लिहिलेलं: ‘पेल्यातलं पाणी बादलीत ओत.’ पेला आणि बादली समोर. एका मुलाने ते स्वच्छ वाचलं, पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. ‘पेला’ आणि ‘पाणी’ हे शब्द त्याला येत होते, त्यावरून त्याने अंदाज बांधला. ‘बादलीत’मधला ‘त’ आणि ‘ओत’ त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. आपल्या नेहमीच्या तपासणीत हे मूल ‘वाचता येणारं’ म्हणून मोजलं गेलं असतं.

मग टक्के गेले. त्या जागी ‘१३ मुलं, ९ वाचतात, ६ना कळतं’ असं आलं आणि पाठोपाठ पेल्याची गोष्ट. पद्धत चांगली की वाईट, हे या आकड्यांवरून ठरत नाही, हेही बाईंनी बोलायच्या कागदावर लिहून ठेवलं. त्या वाक्याला वीस सेकंद दिले होते.

काय केलं

शीर्षक बदललं: ‘मराठी ही दुसरी भाषा असते तेव्हा: कोरकू मुलांचा पहिलीचा वर्ग’. संयोजकांना कळवलं. सत्र बदलणं जमलं नाही, शीर्षक तेवढं बदलून मिळालं.

सादरीकरणाचे चार तुकडे केले. ‘काकू घरी आली’चा हशा, दोन मिनिटं. रोजच्या ४० मिनिटांत काय होतं, चार मिनिटं. नऊ आणि सहा मुलांमधला फरक, तीन मिनिटं. काय जमलं नाही, दोन मिनिटं. एक मिनिट हातात राखलं, कारण अध्यक्षांची ओळख, माइक वर-खाली करणं यात ते जातंच. स्लाइड एकही नाही. ओढ्याचं मूळ चित्र आणि मुलांचं वाक्य लिहिलेला कागद, दोन्ही गुंडाळून नेले.

बोलायचा कागद पोस्टकार्डाएवढ्या आठ पत्त्यांवर लिहिला आणि दोन पत्त्यांच्या कोपऱ्याला लाल खूण केली. वेळ कापला गेला तर हे पत्ते वाचायचेच नाहीत, हे घरीच ठरलं. त्या लाल पत्त्यांतल्या एकावर व्याकरण होतं. कोरकूत क्रियापद पुल्लिंग-स्त्रीलिंगाप्रमाणे बदलत नाही, म्हणून मुलं ‘बाई आला’ म्हणतात. बाई पूर्वी त्यावर लाल फुली मारायच्या, आता ती चूक दिवाळीपर्यंत तशीच सोडून देतात. मला हा पत्ता गाळणं जिवावर आलं होतं. दुसऱ्या लाल पत्त्यावर पालकांचं म्हणणं होतं. ते गाळायला आम्ही दोघं पटकन तयार झालो.

घड्याळ लावून सराव केला. पहिल्यांदा १७ मिनिटं, मग १३, मग ११. कमी झालेली मिनिटं शब्द कापून आली नाहीत. ‘सदर अभ्यासामध्ये असे आढळून आले की’ हे तोंडून जायला लागलं आणि बाई जशा बोलतात तशा बोलू लागल्या, तिथेच सहा मिनिटं वाचली.

प्रत्यक्ष सत्रात

उद्घाटन लांबलं. सत्राध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं, प्रत्येकाला आठ मिनिटं. आधीच्या वक्त्याने निबंध पहिल्या पानापासून वाचायला घेतला, तो उद्दिष्टांपर्यंत आला आणि घंटा वाजली. निष्कर्ष त्यांनी धावत वाचला.

बाईंनी लाल खुणांचे दोन पत्ते पर्समध्ये टाकले. पहिलं वाक्य म्हणाल्या, “माझ्या वर्गातल्या मुलांची मातृभाषा मराठी नाही, आणि मला त्यांची येत नाही.” मग फळ्यावर ‘काकू घरी आली’ लिहिलं आणि सभागृहाला वाचायला सांगितलं. सगळ्यांनी वाचलं. “आता हसा,” त्या म्हणाल्या. कुणालाच कळेना का. तिथून पुढे श्रोते त्यांच्याबरोबर होते. पेल्याच्या गोष्टीला मागच्या रांगेतल्या एक बाई स्वतःशीच मान हलवत होत्या. आठ मिनिटं आणि थोडी वर झाली, पण घंटा वाजली नाही.

काय निष्पन्न झालं

प्रश्न तीन आले. पहिला अपेक्षित होता: कोरकूला स्वतःची लिपी नाही, मग वाचन कसं? बाई म्हणाल्या, देवनागरी मराठीची एकटीची नाही, हिंदी आणि नेपाळीही तिच्यातच लिहितात, आणि मराठी कित्येक शतकं मोडीतही लिहिली गेली. मात्र खरी अडचण त्यांनी लपवली नाही. कोरकूतल्या काही शब्दांचं शेवटचं व्यंजन तोंडात अडतं, फुटत नाही. ते कसं लिहायचं यावर त्यांचं आणि मदतनीस मुलीचं एकमत होत नव्हतं. एकच शब्द दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिला गेला आणि मुलं अडखळली. शेवटी मदतनीस मुलगी लिहील ते बरोबर, असं ठरवलं.

दुसरा प्रश्न वर्मी लागला. आदिवासी भागातच काम केलेले एक मुख्याध्यापक म्हणाले, “पालक काय म्हणतात? माझ्याकडे तर बाप येऊन सांगतो, कोरकू पोराला येतेच, शाळेत मराठी शिकवा.” बाईंकडे याचं उत्तर होतं. हेच भांडण त्यांच्या शाळा व्यवस्थापन समितीत ऑगस्टमध्ये झालं होतं. एका बापाने मुलाला दोन आठवडे घरी ठेवलं होतं. बाईंनी त्याला वर्गात बसवून मराठी सूचनांचा खेळ दाखवला, तेव्हा तो निवळला. पण ते सगळं पर्समधल्या लाल पत्त्यावर होतं. घाईत त्यांनी एवढंच सांगितलं की पालकांना नंतर पटलं. ते उत्तर गुळगुळीत वाटलं आणि मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरही ते दिसलं.

तिसरा प्रश्न एका तरुण शिक्षकाचा: “बाई, तुमची बदली झाली तर?” बाई म्हणाल्या, “तर ताईंची मुलगी राहील. पण तिला महिन्याचे पैसे कोण देणार, ते मला माहीत नाही.” त्या वर्षी ते पैसे बाई स्वतःच्या खिशातून देत होत्या. ही गोष्ट निबंधाच्या १८ पानांत कुठेही नव्हती.

चहाच्या वेळी नंदुरबारकडच्या दोन शिक्षकांनी ओढ्याच्या चित्राचा फोटो काढून घेतला. त्यांच्या वर्गात पावरी आणि भिली बोलणारी मुलं आहेत. चित्राला भाषा नसते, म्हणून ते चालेल असं त्यांचं म्हणणं. चिठ्ठ्यांची चाचणीही त्यांनी लिहून घेतली. छापील निबंध त्यातल्या कुणी मागितला नाही.

पुन्हा करायचं तर

व्याकरणाचा पत्ता गेला ते ठीक झालं. पालकांचा पत्ता कापायला नको होता. श्रोत्यांतले निम्मे अशाच शाळांतले होते, त्यांच्या मनातला पहिला प्रश्न तोच असणार, हे आम्हाला सुचायला हवं होतं. आम्ही पत्ते निवडले ते आम्हाला काय सांगायला आवडतं यावरून. रोजच्या ४० मिनिटांचं वर्णन दीड मिनिटाने आवरून तो प्रसंग बसला असता.

अभ्यासातल्या उणिवा सादरीकरणाने भरून निघत नाहीत. चिठ्ठ्यांची चाचणी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने घ्यायला हवी होती. तीच चाचणी कोरकू वाक्यांवरही घ्यायची होती. पेल्यातलं पाणी पिणारा मुलगा कोरकू चिठ्ठी वाचून काय करतो, हे कळलं असतं तर अडचण वाचनाची की भाषेची, हे वेगळं काढता आलं असतं. त्याला एक दिवस लागला असता. आणि दोन गवळी मुलांचं काय, हा प्रश्न निबंधात एका वाक्यात उरकला आहे. सकाळची ४० मिनिटं ती दोघं जी भाषा ऐकत होती, ती त्यांच्यासाठी तितकीच परकी होती जितकी बाकीच्यांना मराठी. त्यातलं एक मूल खेळात कोरकू पटकन शिकलं. दुसरं त्या वेळात पाटीवर चित्रं काढत बसायचं.

परिषदेनंतर दोन महिन्यांनी संग्रहाची मुद्रितं तपासायला आली. मजकूर तपासणाऱ्याने काळजीपूर्वक काम केलं होतं. पूर्ण निबंधात ‘काकु’ आलं होतं तिथे तिथे शुद्धलेखन सुधारून ‘काकू’ केलं होतं. ११व्या पानावर आता काकू ओढ्याच्या पाण्यात पोहत होत्या. बाईंनी लाल पेनाने एकूण २६ ऱ्हस्व उकार परत घातले आणि समासात लिहिलं, ‘मूळ शब्द कोरकू, कृपया बदलू नये.’